एका तारखेत दोन लिप्या नकोत

संपादक महोदय,

मागच्या महिन्यात मला ‘बैठक २०/4 रोजी’ असा संदेश आला. मी २० मे समजलो आणि बैठक हुकली. देवनागरी ५ आणि इंग्रजी 4 यांची वळणे घाईत सारखीच दिसतात. तसेच इंग्रजी 9 हा १ वाटतो, 8 हा ४ वाटतो. आजूबाजूचे अंक पाहून लिपी ओळखावी, तर २, ३ आणि ० दोन्हीकडे जवळपास सारखेच. २० वरून काहीच कळत नाही.

हा गोंधळ बहुधा नकळत होतो. मराठी कळफलकावरही अनेकदा इंग्रजी अंक उमटतात, मग अर्धी तारीख एका लिपीत आणि अर्धी दुसरीत जाते. शिवाय संगणकासाठी ४ आणि 4 ही वेगळी चिन्हे आहेत, त्यामुळे ‘२०/४’ शोधले तर ‘२०/4’ सापडेलच असे नाही.

अंक कोणतेही वापरा, दोन्ही चालतात. पण एका संदेशात एकच लिपी ठेवा आणि महिना अक्षरांत लिहा: ‘२० एप्रिल’. फोन क्रमांक मात्र मी इंग्रजी अंकांतच पाठवतो, कारण तो नक्कल करून थेट लावायचा असतो.

— एक वाचक