खिळ्यावर आलेला तांबूस थर

गुहागर,
२२ मे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

सुपारीवरील कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण कसे करावे, हे दाखवणारा तुझा व्हिडिओ मी काल पूर्ण पाहिला. त्यात एका ठिकाणी चूक राहिली आहे. पावसाआधीची पहिली फवारणी याच आठवड्यात बहुतेक आगरांत होणार असल्यामुळे, भेटीची वाट न पाहता लगेच लिहितो आहे.

चूक ११ मिनिटे ४२ सेकंदांपासून ११ मिनिटे ५८ सेकंदांपर्यंतच्या भागात आहे. मोरचूद आणि चुना एकत्र केल्यावर तू पिंपात लोखंडी खिळा बुडवतोस, तो तांबूस होऊन बाहेर येतो आणि तू म्हणतोस, "बघा, तांब्याचा थर आला, म्हणजे मिश्रण तयार झालं." वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. खिळ्यावर तांबूस थर आला, तर ते मिश्रण फवारण्यायोग्य झालेले नसते आणि त्यात चुना कमी पडलेला असतो. खिळा जसा बुडवला तसाच स्वच्छ बाहेर आला, तरच मिश्रण तयार झाले असे समजायचे.

चाचणी तू केलीस, पण तिचा अर्थ उलटा लावला गेला. मोरचूद पाण्यात विरघळते तेव्हा तांबे पाण्यात मोकळे असते आणि ते द्रावण आम्लधर्मी असते. चुना पुरेसा मिळाला की ते तांबे चुन्याशी बांधले जाऊन न विरघळणाऱ्या निळसर साक्याच्या रूपात पाण्यात तरंगत राहते. लोखंड मात्र पाण्यातल्या मोकळ्या तांब्यालाच ओढून घेते आणि त्याच्या बदल्यात स्वतः थोडे विरघळते. म्हणून खिळ्यावर तांबे बसले, याचा अर्थ पिंपात न बांधले गेलेले मोरचूद शिल्लक आहे. व्हिडिओतला थर तर पुसट नसून चांगला चकाकणारा आहे, तेव्हा शिल्लक थोडीथोडकी नसावी.

असे मिश्रण झाडावर गेले की दोन प्रकारे नुकसान होते. एक म्हणजे मोकळे तांबे कोवळ्या भागाला भाजते, आणि मे महिन्याच्या अखेरीस शिंपुटावरची फळे कोवळीच असतात. पोफळीला वेल चढवलेले असतील तर मिरीच्या नव्या शेंड्यांवरही तेच ओघळते. दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, पण मला तेच अधिक मोठे वाटते. बोर्डोचा सगळा उपयोग त्याच्या चिकटून राहण्यात आहे. चुन्याने बांधलेले तांबे फळावर पातळ थर धरून बसते आणि पावसाच्या ओलाव्यात थोडे थोडे सुटत रोगाच्या बीजाणूंना रुजू देत नाही. मोकळे मोरचूद पाण्यात विरघळणारे असल्यामुळे पहिल्या मोठ्या सरीबरोबर खाली जाते. मग पुढची फवारणी ४०-४५ दिवसांनी करायची असे आपण सांगतो, त्या मधल्या काळात फळावर राखणीला फारसे काहीच उरत नाही.

आता चुना कमी का पडला, हा प्रश्न. तू प्रमाण बरोबर घेतले आहेस: एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या वेगळ्या पिंपांत करून तिसऱ्यात एकाच वेळी ओतलीस, तेही योग्यच. हिशेबाने पाहिले तर १ किलो मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पुरतो. किलोभर चुना आपण घेतो तो जास्तीचा आधार म्हणून. एवढा चौपट आधार असूनही खिळा तांबडा होतो, तेव्हा चूक मापात नसून चुन्यातच असली पाहिजे. ९ मिनिटे २० सेकंदांच्या सुमारास तू तो उघड्या पोत्यातून भुकटीच्या रूपात काढताना दिसतोस, आणि गाळताना कापडावर खडाही बराच उरलेला दिसतो. उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खडूसारखा निर्जीव होतो. वजन किलोभर भरते, पण त्यात काम करणारा चुना थोडाच असतो.

त्या पोत्यातला चिमूटभर चुना ओला करून त्यावर लिंबू पिळून पाहा. फसफसून बुडबुडे आले, तर तो बराचसा मेलेला आहे. कळीचा चांगला खडा पाणी घातल्याबरोबर तापतो, तडकतो आणि फुलतो. व्हिडिओत चुना विरवताना ना वाफ दिसते, ना तडकल्याचा आवाज येतो.

असे पिंप टाकून द्यावे लागत नाही. ताज्या कळीच्या चुन्याचे गाळलेले पातळ द्रावण त्यात थोडे थोडे घालावे, काठीने तळापासून ढवळावे आणि दर वेळी नवा खिळा एक-दोन मिनिटे बुडवून पाहावा. तांबूसपणा येईनासा झाला की थांबावे. चुना किंचित जास्त झाला तरी झाडाला अपाय होत नाही, कमी पडला तर होतो, म्हणून शंका असल्यास झुकते माप चुन्याकडे द्यावे. खिळा मात्र पॉलिश कागदाने घासून लख्ख केलेला असावा, नाहीतर जुना गंजच तांबे म्हणून वाचला जातो. जस्ताचा मुलामा दिलेला खिळाही घेऊ नये, कारण त्यावर थर काळपट येतो आणि पाहणारा गोंधळतो. लिटमस कागद असेल तर निळा कागद निळाच राहिला पाहिजे. तो लाल झाला, तर तेही चुना कमी असल्याचेच लक्षण.

व्हिडिओ काढून टाकण्याची गरज मला वाटत नाही. तो सोळा सेकंदांचा भाग कापून टाक आणि जमल्यास खिळा स्वच्छ निघतो असे नवे चित्रण स्वतंत्रपणे दाखव. वर्णनात सर्वांत वर पुढील मजकूर घालावास, असे सुचवतो: "दुरुस्ती: ११:४२ ते ११:५८ या भागात चाचणीचा अर्थ चुकीचा सांगितला होता. लोखंडी खिळ्यावर तांबूस थर आल्यास मिश्रणात चुना कमी आहे. थर येणे थांबेपर्यंत ताज्या चुन्याचे गाळलेले द्रावण घालावे आणि त्यानंतरच फवारणी करावी." आधी व्हिडिओ पाहिलेला माणूस पुन्हा पाहायला आला, तर नेमके काय बदलले हे त्याला शोधावे लागू नये, म्हणून वेळेचा उल्लेख भाग कापल्यानंतरही ठेव.

एक तक्रार जाता जाता करतो. मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली हे मिश्रण कसे पुढे आणले, ती गोष्ट तू रंगवून सांगितली आहेस, पण तिला तीन मिनिटे आणि चाचणीला सोळा सेकंद, ही वाटणी मला पटली नाही.

तुझ्या स्वतःच्या आगरात त्याच पिंपातली फवारणी झाली असेल, तर चार-पाच दिवसांनी कोवळ्या फळांवर आणि मिरीच्या शेंड्यांवर तपकिरी भाजल्याचे डाग आहेत का, ते पाहा. डाग नसले तरी तेवढ्या झाडांना पावसाने उघडीप दिली की नव्या मिश्रणाची फवारणी दे. पिंप भरून तसेच ठेवले असेल, तर ते आता वापरू नकोस. बोर्डो ज्या दिवशी करावे त्याच दिवशी संपवावे लागते. ताजा कळीचा चुना श्रीवर्धनात मिळत नसेल, तर तसे कळव. येथून हवाबंद डब्यात पाठवण्याची व्यवस्था करतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव