फोन लागला नाही म्हणजे ऑर्डर खोटी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका गृहस्थांचं पत्र छापून आलं. त्यांनी कॅश ऑन डिलिव्हरीवर मिक्सरचं भांडं मागवलं होतं. विक्रेत्याचा फोन आला तेव्हा ते काजूच्या बागेत होते आणि तिथे रेंज नव्हती. संध्याकाळी घरी आले तर ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज. त्यांचा राग रास्त आहे. मी स्वतः विक्रेती आहे, तरीही चूक विक्रेत्याची आहे असंच म्हणेन. पण हा फोन मुळात कशासाठी करतात आणि तो कसा करायला हवा, ते कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहिते आहे.

मी वेंगुर्ले तालुक्यातली. गेली सहा वर्षं आगळ, सोलं, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला कुरिअरने पाठवते. आगळाच्या दोन बाटल्या आणि अर्धा किलो मसाला असं पार्सल साधारण ७२० रुपयांचं होतं आणि त्यात माझ्या हाती १६० रुपये उरतात. गिऱ्हाइकाने ते घेतलं नाही, तर जाण्याचे १३०, परत येण्याचे ११० आणि खोका, बबल रॅपचे ३५ असे २७५ रुपये माझ्या पदरचे जातात. म्हणजे दोन चांगल्या ऑर्डरींची कमाई जवळजवळ संपली. शिवाय कुरिअरवाला तीनदा फेरी मारतो, मग पार्सल उलट्या वाटेला लागतं. ते हातात येईपर्यंत पंधरवडा जातो आणि तोवर बाटलीचं झाकण सैल झालेलं असतं. खोक्याचा तळ लालभडक, मसाल्याची पाकिटं खारट पाण्यात भिजलेली. ते कुणाला विकणार?

म्हणून फोन. पण नुसता फोन करून भागत नाही, हे मला गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी कळलं. सावंतवाडी तालुक्यातल्या एका गावातून ४,३०० रुपयांची ऑर्डर आली, रात्री पाऊण वाजता. नाव एका शिक्षिकेचं, पत्ता नीट, पिनकोड बरोबर. सकाळी माझ्या पुतणीने फोन केला आणि समोर लिहिलेलं होतं तसंच वाचून दाखवलं, "अमुक बाई, अमुक वाडी, बरोबर ना?" पलीकडून पुरुषाचा आवाज, "हो हो, मी त्यांचा भाऊ, पाठवा." पार्सल गेलं. बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुरिअरवाला दोन दिवस त्यांच्या दारात उभा, वाडीतली माणसं बघतायत. शेवटी त्यांनी खोक्यावरचा नंबर बघून मला फोन लावला आणि बोलता बोलता रडायला लागल्या. त्या महिन्यातलं ते तिसरं पार्सल होतं. आधी कुणीतरी त्यांच्या नावाने साडी मागवली होती, मग बूट.

त्या माणसाने पत्ता बाईंचा दिला होता आणि नंबर स्वतःचा. आम्ही उत्तर त्याच्या तोंडात घातलं आणि त्याने फक्त हो म्हटलं. "होकारासाठी १ दाबा" असं सांगणारे मशीनचे फोन अशा ठिकाणी काही कामाचे नाहीत. खोडसाळ माणूसही १ दाबतोच.

त्या दिवसापासून आमच्याकडे पत्ता वाचून दाखवायचा नाही, विचारायचा, असं ठरलं. "पार्सल घेऊन माणूस येईल, त्याने कसं यायचं?" एवढंच. खरं गिऱ्हाईक लगेच वाट सांगायला लागतं. परवाच एक आजोबा म्हणाले, "तिठ्यार उतारलात काय सातेरीच्या देवळाकडसून उजव्या हाताक वळा, थंयसून तिसरा घर, चिऱ्याचो गडगो आसा." खोटं बोलणारा लिहिलेला पत्ताच पुन्हा म्हणतो, नाहीतर "कुरिअरवाला बघून घेईल" म्हणतो. मग आम्ही काय मागवलंय ते विचारतो. खऱ्या माणसाला कधी कधी आकडा आठवत नाही, पण कुळथाचं पीठ कुणासाठी हवंय ते तो सांगतो. एवढं करूनही शंका राहिली आणि रक्कम २,००० च्या वर असली, तर यूपीआयने १०० रुपये आगाऊ मागतो. खोडसाळ बहुतेक तिथेच गळतात. ज्यांच्याकडे यूपीआय नाही अशा म्हाताऱ्या माणसांकडे मात्र मी आगाऊ मागत नाही, पाच मिनिटं जास्त बोलते.

त्या शिक्षिकांचा पत्ता मी बंद यादीत टाकला नाही. बरेच विक्रेते टाकतात, आणि ज्याला त्रास झाला त्यालाच पुढे काही मागवता येत नाही. त्यांच्या नावापुढे मी "घरच्या नंबरवर बोलूनच पाठवणे" असं लिहून ठेवलंय. ऑर्डरची वेळ आणि त्या माणसाने दिलेला नंबर त्यांना लिहून दिला, तो घेऊन त्या पोलीस ठाण्यात गेल्या.

आता त्या गृहस्थांच्या तक्रारीकडे येते. मोठ्या शहरातले विक्रेते ऑर्डर चाळायला सॉफ्टवेअर वापरतात. घर नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही, फोन लागत नाही, की ऑर्डर संशयित. आता आपल्या कोकणात मु. पो. अमुक, देऊळवाडी, एवढाच पत्ता असतो आणि तो पुरतो. पोस्टमनला पुरतो, कुरिअरवाल्यालाही पुरतो. दुसरं म्हणजे, मुंबईतला मुलगा गावच्या आईसाठी मागवतो. नंबर त्याचा, पत्ता आईचा. सॉफ्टवेअरला यात गोंधळ दिसतो, मला रोजची गोष्ट दिसते. असा मुलगा वाट बिनचूक सांगतो. मी त्याच्याकडून आईचाही नंबर घेते, कारण दारात पैसे तीच देणार असते.

फोन लागला नाही तर आम्ही तासाभरात तीनदा लावत बसत नाही. सकाळी अकराला, दुपारी चारला आणि रात्री आठला लावतो. सोबत व्हॉट्सॲपवर दुकानाचं नाव लिहून मेसेज टाकतो, कारण पुष्कळ घरांत रेंज नसली तरी वायफाय असतं. दुसऱ्या दिवसापर्यंत काहीच उत्तर नाही आलं तरच ऑर्डर बाजूला ठेवतो. रेंज नाही म्हणून गेलेली ऑर्डर हा आमचाच तोटा आहे.

फोनने सगळं सावरतं असं मात्र नाही. माझ्याकडे परत येणाऱ्या पार्सलांत खोडसाळांची थोडी असतात. त्या दिवशी घरात पैसे नव्हते, नाहीतर मधल्या दिवसांत मन बदललं, अशीच जास्त. मन बदललं असेल तर फोनवरच नको म्हणा. आम्हाला राग येत नाही, उलट २७५ रुपये वाचतात.

आणि असा फोन आला म्हणून घाबरूही नका. मात्र ऑर्डर पक्की करायच्या नावाखाली फोनवर कुणी ओटीपी विचारला, किंवा *401* ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितला, तर फोन ठेवून द्या. तशा नंबराने तुमचे येणारे फोन दुसऱ्याकडे वळवले जाऊ शकतात. विक्रेत्याला यातलं काहीच लागत नाही. कुरिअरचा ओटीपी असलाच तर तो पार्सल हातात आल्यावर द्यायचा.

त्या गृहस्थांना एवढंच सांगते, पुढच्या वेळी ऑर्डर करताना पत्त्याच्याच ओळीत "दिवसा रेंज नाही, सातनंतर फोन करा" असं लिहा आणि शेजारचा एखादा नंबर द्या. माझ्याकडे अशा ओळीची ऑर्डर आली की मी ती सरळ रात्रीच्या यादीत टाकते.

आपली,
एक विक्रेती,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग