२२/७ हे पायच्या बाहेरचं कुंपण आहे

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या २२ जुलैच्या अंकात ‘π = २२/७’ अशी ठळक चौकट होती. तिच्यातल्या बरोबरच्या चिन्हाबद्दल हे पत्र. मी गणिताचा निवृत्त शिक्षक. माझ्या नववीतल्या नातीने ‘π परिमेय आहे, कारण तो २२/७ आहे’ असं वहीत लिहिलं होतं. दिलेली माहिती खरी मानली, तर तिचा तर्क अगदी बिनचूक आहे. म्हणून तिला घेऊन अंगणात गेलो.

अर्ध्या मीटरची सुतळी खिळ्याला बांधून खडूने वर्तुळ काढलं. व्यास १ मीटर, म्हणजे परीघ बरोबर π मीटर. तीच सुतळी जीवा म्हणून परिघावर टाकत गेलो तर सहाव्यांदा पहिल्या खुणेवर परत आलो. या आतल्या षट्कोनाची परिमिती ३ मीटर. मग सहाही खुणांवर स्पर्शिका काढल्या. बाहेरचा षट्कोन भरला ३.४६४१ मीटर. π या दोघांच्या मध्ये कुठेतरी, आणि फट ४६ सेंटिमीटरची.

इथे नातीने विचारलं, “आजोबा, बाहेरचा षट्कोन परिघापेक्षा लांब असलाच पाहिजे असं कशावरून?” प्रश्न रास्त होता. मोठ्या आकृतीच्या पोटातली नागमोडी रेघ तिच्या परिमितीहून लांब असू शकतेच की! उत्तर क्षेत्रफळात आहे. केंद्र बाहेरच्या षट्कोनाच्या शिरोबिंदूंना जोडलं की होणाऱ्या प्रत्येक त्रिकोणाची उंची त्रिज्येएवढी असते. म्हणून सगळ्या षट्कोनाचं क्षेत्रफळ येतं अर्धी त्रिज्या गुणिले परिमिती. वर्तुळाचं क्षेत्रफळही अर्धी त्रिज्या गुणिले परीघ. षट्कोनाने वर्तुळ पोटात घेतलंय, तेव्हा त्याचं क्षेत्रफळ जास्त, आणि म्हणून परिमितीही जास्त.

पुढे बाजू दुप्पट करत जायचं. दोन्ही परिमितींचा गुणाकार दुप्पट करून त्यांच्या बेरजेने भागला की बाहेरची नवी परिमिती मिळते. २ × ३ × ३.४६४१ म्हणजे २०.७८४६, त्याला ६.४६४१ ने भागलं की ३.२१५४. आतली जुनी आणि बाहेरची नवी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ही आतली नवी, ३.१०५८. बारा बाजूंना फट ११ सेंटिमीटरवर आली. चोवीस बाजूंना ३.१३२६ आणि ३.१५९७, फट २७ मिलिमीटर. दर दुपटीला ती साधारण चौथाई होते. पण चोवीस बाजूंच्या आतल्या आकृतीची बाजू वर्तुळापासून जास्तीत जास्त चारच मिलिमीटर दूर जाते, आणि आमच्या खडूची रेघही तेवढीच जाड. त्यापुढे अंगण सोडून वही घ्यावी लागली. अठ्ठेचाळीस बाजूंना फट सात मिलिमीटर, आणि शहाण्णव बाजूंना ३.१४१०३ आणि ३.१४२७१, म्हणजे दोन मिलिमीटरच्याही आत.

सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात शहाण्णव बाजूंपर्यंतच मजल मारली, तीही दशांश चिन्हाशिवाय, निव्वळ अपूर्णांकांत. वर्गमूळ पूर्ण निघत नसेल तिथे त्याने ते कुठल्या बाजूला झुकवायचं हे ठरवून घेतलं होतं. √३ साठी बाहेरच्या हिशेबात त्याने किंचित कमी असलेला २६५/१५३ घेतला, तर आतल्यात किंचित जास्त असलेला १३५१/७८०. त्यामुळे बाहेरचा आकडा फक्त बाहेरच सरकतो, आतला फक्त आतच. शेवटी त्याने लिहिलं की π हा ३ १०/७१ पेक्षा मोठा आणि ३ १/७ पेक्षा लहान आहे. हा ३ १/७ म्हणजेच आपला २२/७. दशांशात तो ३.१४२८५७, म्हणजे बाहेरच्या शहाण्णव बाजूंच्या आकृतीच्याही पलीकडे. त्याने तो ‘याच्या वर π जाणारच नाही’ एवढंच सांगायला दिला होता. π मुळात परिमेयच नाही हे लँबर्टने १७६१ मध्ये सिद्ध केलं, ते मात्र या आकृत्यांतून दिसत नाही.

नुसत्या आतल्या आकृतीवर थांबलं तर काय राहून जातं, याचं उदाहरण आपल्या कोकणातलंच आहे. मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर टीका लिहिली. भास्कराचार्यांचा ३९२७/१२५० हा अपूर्णांक वर्तुळाच्या आत ३८४ बाजूंपर्यंत जाऊन कसा मिळतो, ते त्यांनी तीत सांगितलं आहे. मी करून पाहिलं. आतली परिमिती येते ३.१४१५६, आणि चार दशांश स्थळांपर्यंत घेतली की ३.१४१६, म्हणजेच ३९२७/१२५०. किंमत उत्तम आहे. पण चौथा अंक खात्रीचा आहे का, हे आतली आकृती सांगू शकत नाही. बाहेरची ३८४ बाजूंची ३.१४१६६ येते, म्हणजे तो अंक ६ किंवा ७ असू शकतो. बाजू अजून दुप्पट केल्याशिवाय तो पक्का होत नाही.

माझी विनंती एवढीच की पुढच्या २२ जुलैला चौकट छापाल तेव्हा बरोबरच्या चिन्हाच्या जागी ‘२२/७ > π’ असं छापावं.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, रोहा